पू तर काढला, मग दीड महिना इंजेक्शनं कशाला?

न्यूरोसर्जरीच्या वॉर्डात हा प्रश्न मला दर थोड्या दिवसांनी कुणीतरी विचारतंच. प्रश्न चुकीचा अजिबात नाही. मांडीवर गळू आलं, पिकलं, फुटलं, पू गेला की आठवडाभरात माणूस पुन्हा कामाला लागतो, हा घराघरातला अनुभव आहे. मेंदूतही गळूच झालं होतं आणि डॉक्टरांनी सुई घालून पू काढला, मग सहा-सात आठवडे हाताला नळी लावून इथे पडून राहायचं कशासाठी?

उत्तर द्यायला मला एक रुग्ण लागेल. खाली सांगतोय तो मुलगा कुणी एकटा नाही, गेल्या काही वर्षांत पाहिलेल्या अशा बऱ्याच पोरांना जोडून मी तो बनवला आहे. पण त्याच्या बाबतीत जे जे घडलं ते सगळं खरोखर असंच घडतं.

घड्याळाचं नाव आठवेना

वय सतरा, अकरावीला. बारा दिवसांपासून डोकं दुखतंय. पहिले दोन दिवस अंग कोमट होतं, नंतर ताप नाही. गावच्या डॉक्टरांनी पित्त म्हणून गोळ्या दिल्या, मग पाच दिवस अँटिबायोटिक दिलं. उलट्या सुरू झाल्या, तेव्हाही पित्तच वाटलं. बाराव्या दिवशी दुपारी फिट आली आणि घरच्यांनी जीपमध्ये घालून आणलं.

फिट थांबल्यावर मी त्याला मनगटावरचं घड्याळ दाखवून विचारलं, "हे काय आहे?" तो म्हणाला, "ते... हातात घालतात ते. वेळ बघायचं." पेन दाखवलं तर म्हणाला, "लिहायचं." वस्तू ओळखत होता, तिचा उपयोगही सांगत होता, फक्त नाव जिभेवर येत नव्हतं. उजव्या हाताने लिहिणाऱ्या बहुतेकांच्या मेंदूत नावं सापडण्याचं काम डाव्या कानाच्या वरचा भाग करतो. म्हणजे स्कॅन व्हायच्या आधीच आमची नजर डाव्या कानाकडे गेली होती.

"कान फुटतो का याचा?"

आई म्हणाली, "दुसरीत होता तेव्हापासनं फुटतोय, डॉक्टरसाहेब. घाण वास येतो. लसणाचं तेल टाकतो की थांबतो. पण आता पंधरा दिवस झाले, एकदम कोरडा हाय. आम्हाला वाटलं बरा झाला."

कान, नाक, घशाचे जुने डॉक्टर विद्यार्थ्यांना सांगायचे, की वर्षानुवर्षं वाहणारा कान अचानक थांबला आणि डोकं दुखू लागलं, तर आनंद मानू नका. पाणी वाहायचं थांबलं याचा अर्थ झरा आटला असाच होत नाही. कधी कधी त्याला दुसरी वाट सापडलेली असते.

कानातून मेंदूत जायला वाट कुठून मिळते?

कानाच्या पडद्यामागे एक छोटी खोली असते, तिला मधला कान म्हणतात. तिचं छत म्हणजे कागदासारखं पातळ हाड, आणि छतावरच्या मजल्यावर थेट मेंदू. एरवी हे छत पुरेसं असतं.

या मुलाच्या कानात नुसता पू नव्हता. पडदा आत ओढला जाऊन एक खळगा झाला होता आणि त्यात मेलेल्या कातडीचे पापुद्रे वर्षानुवर्षं साठून गाठ झाली होती. हिला कोलेस्टिआटोमा म्हणतात. ती कॅन्सर नसते, पण हाड खाते. लाकडाला लागलेल्या वाळवीसारखी ती हळूहळू छत पोखरते आणि मग जंतूंना वर जायला दार मिळतं. छत खाल्लं तर गळू कानाच्या वरच्या मेंदूत होतं. मागची भिंत खाल्ली तर ते लहान मेंदूत होतं आणि माणसाचा तोल जातो. घाण वास हा या गाठीचा विशेष आहे. सर्दीनंतर कान फुटतो तेव्हा पाणी पातळ असतं आणि बहुधा वास नसतो.

कान हा एकच रस्ता नाही. कपाळातल्या सायनसमधून जंतू मेंदूच्या पुढच्या भागात शिरतात आणि किडलेल्या दाढेतूनही जातात. अपघातात कवटी फुटली किंवा मेंदूची शस्त्रक्रिया झाली असली, तर जंतू बाहेरून थेट आत जातात.

एक रस्ता मात्र रक्ताचा आहे. शरीरभर फिरून आलेलं रक्त फुप्फुसातून गाळून पुढे जातं. चहाच्या गाळणीत चोथा अडकावा तसे रक्तातले चुकार जंतू फुप्फुसाच्या बारीक केशवाहिन्यांत अडकतात. हृदयाला जन्मापासून छिद्र असलेल्या, ओठ-नखं निळी पडणाऱ्या मुलांमध्ये काही रक्त फुप्फुसाला बगल देऊन सरळ मेंदूकडे जातं, म्हणजे गाळणीच नाही. म्हणून अशा निळ्या मुलाचं डोकं सारखं दुखायला लागलं तर त्याकडे पित्त म्हणून बघायचं नसतं. रक्तातून आलेली गळवं बरेचदा एकापेक्षा जास्त असतात आणि मेंदूत वेगवेगळ्या जागी सापडतात. कानातून आलेलं बहुधा एकच असतं, कानाला लागून. चार-पाच गळवं दिसली की आम्ही कान सोडून हृदय आणि फुप्फुस तपासायला लागतो. कितीही शोधलं तरी उगम सापडत नाही असे रुग्णही असतातच.

मग ताप का नव्हता?

घरच्यांची ही शंका रास्त आहे. पू म्हटलं की ताप हवा. पण मेंदूतल्या गळवाच्या साधारण निम्म्या रुग्णांना दाखल होताना ताप नसतो. डोकेदुखी, ताप आणि एखाद्या अवयवाची कमजोरी अशी तिन्ही लक्षणं एकत्र दिसणं तर पाचातल्या एकालाच. रक्ततपासणीत जळजळ दाखवणारे आकडेही काही जणांत जवळपास ठीक येतात. हे बघूनच पुष्कळदा सगळे निर्धास्त होतात.

याचं कारण शरीराच्या संरक्षणात आहे. जंतू मेंदूत शिरल्यावर पहिले काही दिवस तिथे नुसती सूज असते, भिंत नसलेली. साधारण दुसऱ्या आठवड्यात शरीर भोवती कोष विणायला लागतं आणि दोन आठवडे उलटून गेले की तो चांगला घट्ट होतो. हे दिवस मुख्यतः प्राण्यांवरच्या प्रयोगांतून आले आहेत, माणसात थोडे पुढेमागे होतात. कोषामुळे जंतू आत कोंडले जातात, बाहेर रक्तात फारसे पोचत नाहीत आणि ताप उतरतो. पण आतला पू वाढतच राहतो. कवटी ताणत नाही, म्हणून दाब वाढतो आणि डोकेदुखी व उलट्या सुरू होतात.

हा कोष नीट लक्षात ठेवा. सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर त्याच्यातच आहे.

स्कॅनमध्ये काय दिसलं

शिरेतून रंगाचं औषध देऊन सीटी स्कॅन केला. डाव्या कानाच्या वर मेंदूत चार सेंटिमीटरची गोल, चकचकीत कडी दिसली, आत काळोख, भोवती सूज, आणि मेंदूची मधली रेषा सात मिलिमीटर उजवीकडे ढकललेली. कोषात नव्या रक्तवाहिन्या असतात, रंगाचं औषध तिथे साचतं, म्हणून कडी चमकते.

या कडीची एक गंमत आहे. टम्म फुगलेल्या भाकरीला जसा एका बाजूला पातळ पापुद्रा असतो, तशी ही कडी मेंदूच्या आतल्या बाजूला पातळ असते. मेंदूच्या पृष्ठभागाकडे रक्तपुरवठा भरपूर, तिथे कोष जाड विणला जातो. आत रक्त कमी, कोष कच्चा. आणि नेमक्या त्या कच्च्या बाजूला मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या असतात. गळू तिकडे फुटलं तर पू एका क्षणात सगळीकडे पसरतो. असा रुग्ण तासाभरापूर्वी बोलत असतो आणि नंतर बेशुद्ध होतो, त्यातून वाचणं अवघड असतं. कडीच्या आतल्या बाजूपासून पोकळी फक्त चार-पाच मिलिमीटर लांब दिसली, की त्या रात्री आम्ही सकाळची वाट पाहत नाही.

अडचण एवढीच की कडी दिसली म्हणजे गळू असं सिद्ध होत नाही. मेंदूतली वाईट गाठ मधून सडली की तशीच दिसते. आपल्याकडे टीबीची गाठ आणि पोटातल्या पट्टकृमीची मेंदूत बसलेली अळी या दोघांचीही कडी दिसते. म्हणून एमआरआय करतात. त्यातला डिफ्युजन नावाचा भाग पाण्याचे कण किती मोकळे फिरताहेत ते मोजतो. घट्ट पू म्हणजे फडक्यात बांधून टांगलेला चक्का. त्यात पाणी असतं, पण हलायला जागा नसते, म्हणून पू या चित्रात पांढराशुभ्र चमकतो. सडलेल्या गाठीतलं पाणी ताकासारखं मोकळं असतं, म्हणून ते बहुधा काळं दिसतं. बहुधा म्हणायचं कारण, पातळ झालेली टीबीची गाठ कधी कधी पुवासारखीच चमकते आणि फसवते. या मुलाची कडी मात्र आतून लख्ख होती.

पाठीतून पाणी का नाही काढलं?

मेंदूज्वराच्या संशयात कमरेत सुई घालून पाणी तपासतात हे आता बऱ्याच लोकांना माहीत असतं. इथे ते घातक ठरू शकतं. वर दाब प्रचंड असताना खालून पाणी काढलं, तर मेंदू कवटीच्या तळाच्या भोकाकडे सरकतो आणि श्वास चालवणारा भाग तिथे दाबला जातो. शिवाय कोषबंद गळवाचे जंतू त्या पाण्यात सहसा सापडतही नाहीत. धोका एवढा पत्करून हाती काहीच येत नाही.

नुसत्या औषधाने जिरलं नसतं?

लहान गळू कधी कधी जिरतं. सूज अजून कच्ची असेल, कोष झाला नसेल, आकार अडीच सेंटिमीटरच्या आत असेल, रुग्ण शुद्धीवर असेल आणि उगम माहीत असेल, तर औषधावर ठेवून दर आठवड्याला स्कॅन बघता येतो. चार सेंटिमीटरला हे चालत नाही. कोषातून औषध आत कमी शिरतं. शिरलं तरी पुवात ऑक्सिजन नसतो, आम्ल असतं आणि जंतूंची गर्दी एवढी असते की औषध बोथट होतं. दुसरं कारण तितकंच मोठं. पू हातात आल्याशिवाय कोणता जंतू आहे ते कळत नाही आणि सात आठवडे अंदाजाने कुणी औषध देऊ नये. कडी बघून थेट टीबीची औषधं सुरू केलेले रुग्ण मी पाहिले आहेत. त्यातल्या काहींच्या डोक्यात पू निघाला.

त्याच रात्री ऑपरेशन झालं. कवटीला रुपयाच्या नाण्याहून लहान भोक पाडतात. स्कॅनवरून आखलेल्या दिशेने, बोलण्याचा भाग चुकवून, बोथट टोकाची सुई आत नेतात. कोषापाशी ती अडते, थोडा नेट लावला की एकदम सैल पडते, आणि सिरिंजमध्ये पिवळसर-हिरवा दाट पू यायला लागतो. या मुलाचा चोवीस मिलिलिटर निघाला. वास खोलीभर पसरला. हा वास म्हणजे हवा नको असलेल्या जंतूंची खूण. त्यांना हवा लागली तर ते प्रयोगशाळेत पोचायच्या आत मरतात. म्हणून पू कापसाच्या काडीवर न घेता सिरिंजमध्येच ठेवायचा, हवेचा बुडबुडा काढून टोपी लावायची आणि वॉर्डबॉयला तडक प्रयोगशाळेत पिटाळायचं. हे नीट झालं नाही की रिपोर्ट येतो "जंतू आढळले नाहीत", आणि घरच्यांना वाटतं की मग औषध कशाला.

त्याच्या पुवात प्रोटियस नावाचा, जुन्या कानात नेहमी सापडणारा जंतू वाढला. हवेविना जगणारे जंतूही होते. आधी पाच दिवस अँटिबायोटिक पोटात गेलेलं असूनही वाढले, हे नशीबच.

कवटी मोठी उघडून कोषासकट गळू का नाही काढलं, असंही विचारतात. काढतात कधी कधी. आत कप्पे असतील, बुरशीचं असेल, गोळीचा किंवा हाडाचा तुकडा अडकला असेल, किंवा सुईने वारंवार काढूनही भरत असेल तर. पण कोष मेंदूला चिकटलेला असतो. तो सोलताना आजूबाजूचा मेंदूही दुखावतो आणि इथे शेजारी बोलण्याचा भाग होता.

१८७६ साली ग्लासगोमध्ये विल्यम मॅकेवन या सर्जनने अकरा वर्षांच्या एका मुलाच्या मेंदूत कुठे गळू आहे ते केवळ लक्षणांवरून सांगितलं होतं. घरच्यांनी ऑपरेशनला नकार दिला. मुलगा गेला, आणि मृत्यूनंतर पाहिलं तर गळू अगदी तिथेच होतं. सीटी स्कॅनने पहिला रुग्ण तपासला गेला तो १९७१ मध्ये, म्हणजे मॅकेवननंतर पंचाण्णव वर्षांनी. त्या काळापर्यंत दहातले चार रुग्ण दगावत असत. आता साधारण दहातला एक दगावतो.

आता मूळ प्रश्न

सुईने पू निघतो, कोष निघत नाही. मांडीवरचं गळू फुटलं की ते उघडं राहतं आणि उरलासुरला पू रोज वाहून जातो. मेंदूतलं गळू सुई काढल्यावर पुन्हा बंद होतं. कोषाच्या भिंतीत आणि भोवतीच्या सुजलेल्या मेंदूत जंतू उरतात. त्यांना संपवायला औषध रक्तातून, मेंदूच्या कडक पहाऱ्यातून पार होऊन, पुरेशा मात्रेत, रोज पोचावं लागतं. म्हणून प्रौढांच्या मात्रेत सेफ्ट्रिअॅक्सोन दोन ग्रॅम दर बारा तासांनी आणि हवेविना जगणाऱ्या जंतूंसाठी मेट्रोनिडाझोल दर आठ तासांनी. पू काढलेल्या गळवाला शिरेतून सहा ते आठ आठवडे औषध देतात. कोषासकट काढलं असेल तर चार आठवडेही पुरतात.

या मुलाला चौथ्या दिवसापासून छान वाटत होतं. घड्याळाला घड्याळ म्हणत होता. वडील घरी न्यायच्या गोष्टी बोलायला लागले. दहाव्या दिवशीच्या स्कॅनमध्ये कडी पुन्हा अडीच सेंटिमीटरची भरलेली निघाली. पुन्हा सुई घातली, सहा मिलिलिटर पू निघाला. ऑपरेशन फसलं असा याचा अर्थ नसतो, दुसऱ्यांदा सुई घालावी लागणं नेहमीचं आहे. पण तो दहाव्या दिवशी घरी असता, तर हे आम्हाला पुढच्या फिटनंतर कळलं असतं. म्हणून बरं वाटलं तरी आठ-पंधरा दिवसांनी स्कॅन करतातच.

गोळ्यांनी का भागत नाही? काही औषधं गोळीतून जवळपास तेवढीच रक्तात पोचतात, मेट्रोनिडाझोल त्यातलंच. पण सेफ्ट्रिअॅक्सोनला गोळीच नाही. लवकर गोळ्यांवर न्यावं का, यावर डॉक्टरांमध्ये अजून एकमत नाही. मी स्वतः सहा आठवड्यांच्या आत नेत नाही. रुग्ण ठणठणीत असेल आणि गावाजवळ चांगला दवाखाना असेल, तर दंडातून लांब नळी घालून उरलेले आठवडे तिथे इंजेक्शनं देता येतात.

लांब चालणाऱ्या मेट्रोनिडाझोलवर डोळा ठेवावा लागतो. तोंडाला धातूसारखी चव येते, ती चालते. पण पायाच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या, चाल झोकांडू लागली किंवा बोलणं अडखळू लागलं, तर लगेच सांगायचं. गळू वाढलं असं वाटतं, पण कधी हा औषधाचाच परिणाम असतो आणि ते थांबवल्यावर बहुधा ओसरतो.

सूज फार होती म्हणून त्याला चार दिवस स्टिरॉइड दिलं आणि थांबवलं. ते सूज उतरवतं, पण कोष कच्चा ठेवतं आणि कडी फिकी करतं. स्कॅन उगाच चांगला दिसायला लागतो.

तिसऱ्या आठवड्यात कानाच्या डॉक्टरांनी कानामागचं हाड उघडून ती गाठ काढली. छताला डाळीच्या दाण्याएवढं भोक होतं. ते तसंच राहिलं असतं, तर सात आठवड्यांची इंजेक्शनं संपल्यावर पुन्हा तोच प्रवास सुरू झाला असता.

औषध थांबवलं, पण कडी अजून दिसतेय!

हा शेवटचा फोन असतो, बहुतेक वेळा रिपोर्ट हातात घेऊन केलेला. रिपोर्टमध्ये लिहिलेलं असतं की कडी अजून चमकतेय. चमकू शकते, तीन-चार महिने, कधी सहा. तो व्रण असतो. कडी लहान होत असेल, आत पू नसेल, भोवती सूज नसेल आणि माणूस बरा असेल, तर केवळ कडी नाहीशी व्हावी म्हणून अँटिबायोटिक लांबवत नाहीत. वाढली किंवा डोकं पुन्हा दुखू लागलं, तर गोष्ट वेगळी.

तीन महिन्यांनी मुलगा आला तेव्हा त्याची कडी आठ मिलिमीटरची होती. इंजेक्शनं बंद होऊन पाच आठवडे झाले होते. घड्याळ, पेन, चावी सगळी नावं सांगितली, "नेलकटर"ला मात्र जरा अडला. फिटची गोळी चालूच आहे, कारण मेंदूवरचा व्रण नंतरही फिट आणू शकतो. बाईक कधी चालवू, असं त्याने जाताना विचारलं. मी म्हणालो, "इतक्यात नाही. वर्षभर एकही फिट आली नाही तर तेव्हा बघू." वडिलांनी चावी खिशात टाकली आणि स्कॅनची पिशवी त्याच्या हातात दिली.